घरातल्या ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांतला आठवणीचा कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं ठरलं की वार, वेळ, जागा आणि सोबत कोण, एवढ्या चार गोष्टी त्यांना नीट कळायला हव्यात. फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी अर्धंच उरतं. म्हणून मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीवर लावायचा. काम सोपं दिसतं, पण फसतं ते बारीकसारीक ठिकाणी. खाली उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. वाईजवळच्या खेड्यात राहणारी ऐंशीच्या घरातली आत्या, तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्याच्या दवाखान्यात, आणि नेणारा धाकटा मुलगा, ज्याला घरात सगळे बाळू म्हणतात.

कागदावर नेमकं काय लिहायचं?

ऑपरेशनच्या दिवसाचा कागद असा:

गुरुवार
१२ फेब्रुवारी
सकाळी ९ वाजता बाळू घरी येईल
साताऱ्याला डोळ्यांचा दवाखाना
बाळू दिवसभर सोबत

बस, पाच ओळी. डॉक्टरांचं नाव नाही, फाइलचा नंबर नाही, “काळजी करू नकोस” नाही. ते सगळं बाळूच्या खिशात असू दे.

याआधी बाळूने स्वतः लिहिलेला कागद असा होता: “परवा सकाळी १०.३० ला हॉस्पिटलमध्ये अपॉइंटमेंट आहे, मी ९ पर्यंत येतो, तयार राहा, फाइल आणि आधार कार्ड घेणे, नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.” यात खोटं काहीच नाही, पण तो ज्याने लिहिला त्यालाच कळणारा आहे. “परवा” हा शब्द कागद लावला त्या दिवशी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तोच कागद वाचला की ऑपरेशन आणखी एक दिवस पुढे गेलं. “मी” म्हणजे कोण, हे अक्षरावरून ओळखावं लागतं आणि आत्याला तर अक्षरच धूसर दिसतं. साडेदहा आणि नऊ अशा दोन वेळा आहेत, त्यातली पाळायची कुठली ते तिने ठरवायचं. शेवटचं वाक्य तर सूचनाच नाही, ते बाळूचं स्वतःचं काम आहे.

तेव्हा कागद लिहून झाला की एकदा असं बघा: हा आज वाचला, उद्या वाचला, घरातल्या कुणीही वाचला, तरी अर्थ तोच निघतो का? उद्या, परवा, येत्या गुरुवारी, मी, तिथे, नेहमीच्या वेळी, असले शब्द सापडले की काढा आणि जागी खरं नाव किंवा खरी तारीख घाला.

वेळ कुठली लिहायची, दवाखान्याची की निघायची?

निघायची. तीही एकच.

दवाखान्याने साडेदहाची वेळ दिली असेल तर ती कागदावर नकोच. वाईहून साताऱ्याला गाडीने साधारण तास लागतो, शिवाय आत्याला पायऱ्या उतरून गाडीत बसायलाच दहा मिनिटं. म्हणून बाळू नऊला दारात. आत्याच्या बाजूने बघितलं तर तिच्या दिवसात घडणारी गोष्ट एकच आहे, नऊ वाजता बाळू येतो. पुढचं घड्याळ बाळू सांभाळेल. दोन्ही वेळा लिहिल्या तर दोनच गोष्टी होतात. एक तर ती साडेदहा धरून बसते आणि नऊला अंघोळ व्हायची असते, नाहीतर नऊ वाजून पाच मिनिटांनी “उशीर झाला, आता घेणार नाहीत” म्हणून जीव टांगणीला.

उलट प्रकारही आहे. नऊला निघायचं म्हटलं की काही माणसं पहाटे चारलाच लुगडं नेसून ओटीवर बसतात. “लवकर उठू नको” असं लिहून ते थांबत नाही. त्यापेक्षा कागदावर निघायची वेळ न लिहिता बाळू येण्याची वेळ लिहिली की फरक पडतो, म्हणून वर “९ वाजता बाळू घरी येईल” असं आहे. बाळू आला नाही म्हणजे अजून वेळ झाली नाही, एवढा हिशेब कुणालाही जमतो.

“सकाळी” हा शब्द प्रत्येक वेळी हवाच. नुसतं “९ वाजता” लिहिलेला कागद दुपारच्या झोपेतून उठल्यावर वाचला तर रात्रीचे नऊ वाटू शकतात. चोवीस तासांचं घड्याळ, म्हणजे १४:०० वगैरे, रेल्वेच्या तिकिटावरच बरं.

आकडे मराठी लिहावेत की इंग्रजी?

हा प्रश्न गंभीरपणे घ्या, कारण इथेच खरी फसगत होते. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांची चित्रं जवळजवळ सारखी असतात, हाताने लिहिलेली तर फारच. “१ वाजता” असा कागद घड्याळातले इंग्रजी आकडे रोज बघणाऱ्या माणसाने वाचला तर सकाळी नऊला तयार होऊन बसेल. मराठी ५ आणि ६ घाईत लिहिले की त्यांचीही सरमिसळ होते.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तारीख मराठी आकड्यांत द्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तसेच आकडे असतात. वेळेत गोंधळाचा आकडा आला तर सरळ अक्षरांत लिहा: दुपारी एक, सकाळी साडेनऊ, पावणेदहा. साडे, सव्वा, पावणे ही त्या पिढीच्या रोजच्या बोलण्यातली वेळ आहे, “नऊ पंचेचाळीस” त्यांना मनात उलगडून घ्यावं लागतं.

फोन नंबर मात्र याला अपवाद. बाळूचा नंबर कागदाच्या तळाशी लिहायचा असेल तर आत्याच्या फोनच्या बटणांवर जसे आकडे आहेत तसेच लिहा, म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजी. ती आकडा वाचत नाही, चित्र जुळवते. दहा आकडे सलग न लिहिता पाच आणि पाच असे तोडा. आणि आत्या जर फोनमधलं बाळूच्या फोटोचं बटण दाबूनच फोन लावत असेल, तर नंबर लिहूच नका. एक ओळ वाचली.

अक्षर किती मोठं हवं?

मोजमाप सांगतो, पण शेवटचा शब्द आत्याच्या खुर्चीचा.

संगणकावर करणार असाल तर कागद आडवा घ्या, म्हणजे एका ओळीत जास्त अक्षरं बसतात, आणि ६० पॉइंटपासून सुरुवात करा. छापील मजकुरात १८ पॉइंटलाही मोठं अक्षर म्हणतात, पण ते हातात धरून वाचायला. भिंतीवरचा कागद दोन-अडीच मीटरवरून वाचायचा असतो. फॉन्ट साधा, एकसारख्या जाडीचा निवडा. `Mukta` किंवा `Noto Sans Devanagari` चालेल. लग्नपत्रिकेतले नक्षीदार फॉन्ट नकोत. ठळक करताना एक पायरीच वर जा. फार जाड केलं की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजते, आणि मग घ-ध, भ-म यांतला फरक जातो. मराठीत मजकूर ओळखू येतो तो याच पोकळ्यांवरून.

हाताने लिहिणार असाल, आणि बहुतेक घरांत तेच सोयीचं, तर काळा जाड मार्कर घ्या. अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर धरली तर रेघ तीन-चार मिलिमीटर जाड हवी. मुलांच्या दप्तरातल्या स्केचपेनने इतकं मोठं अक्षर काढलं तर ते मोठं दिसतं, पण बारीक असतं आणि लांबून विरून जातं. ओळींमध्ये एका ओळीएवढी मोकळी जागा सोडा, कारण वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात आणि दाटीत एकमेकांत शिरतात. शिरोरेघ प्रत्येक शब्दाला वेगळी द्या. अख्ख्या ओळीवर एकच रेघ मारली की शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. आणि “ख” जोडून काढा, नाहीतर दवाखान्यातला “खा” “रवा” वाटतो.

आता कागद त्याच्या जागी लावा. आत्या रोज बसते तिथे तिला बसवा, रोजचा चष्मा घालायला सांगा, रोजचाच दिवा ठेवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. अडखळली तर अक्षर वाढवायच्या आधी शब्द कमी करता येतात का ते बघा.

रंगीत पेन वापरून महत्त्वाचं ठळक केलं तर?

मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला नकोच. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट, गढूळ होत जातं, त्यामुळे निळा आणि जांभळा रंग मंदावतो, अक्षर आणि कागद यांतला उठाव कमी होतो आणि उजेडाचा त्रास वाढतो. निळ्या पेनाने लिहिलेलं सुबक अक्षर तुम्हाला दिसतं, तिला राखाडी ओरखडे दिसतात. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या कागदावर काळं, याहून चांगलं काही नाही.

कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन करणारे बरेच असतात. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चमक पडते आणि नेमकी तीच ओळ पांढरी होते. चार दिवस टिकायच्या कागदाला ते लागतही नाही. स्टेशनरीच्या दुकानातला जाडसर ड्रॉइंग पेपर घ्या, तो चमकत नाही आणि वळतही नाही. जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं करून वापरायची काटकसर इथे करू नका. मागे राशिभविष्य आणि पाककृती छापलेल्या असतात, त्या आरपार डोकावतात.

कुठे लावायचा?

जिथे त्यांची नजर आपोआप जाते तिथे. आत्याच्या घरात ती जागा घड्याळाखालची. सकाळी उठल्यावर ती देवाआधी घड्याळ बघते. कुणाकडे ती चहाच्या डब्याशेजारी असेल, कुणाकडे गोळ्यांच्या डबीवर. उंची ठरवायची ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची. उभ्या, धडधाकट माणसाने लावलेला कागद नेहमी हातभर वर लागतो.

फ्रिजच्या दारावर नको, तिथे आधीच लाइटबिल आणि गॅसची पावती लटकत असते. आणि घराच्या बाहेरच्या दारावर तर मुळीच नको. गुरुवारी दिवसभर घर बंद असणार, हे गावाला मोठ्या अक्षरांत सांगायचं कारण नाही. खिडकीतून रस्त्यावरून वाचता येतो का, तेही एकदा बाहेर जाऊन बघा.

जागेचं नाव पूर्ण लिहायचं का?

त्यांच्या तोंडात असलेलं नाव लिहायचं. दवाखान्याचं पाटीवरचं नाव लांबलचक असेल, मालक बदलले म्हणून नवं झालं असेल, पण आत्याच्या लेखी तो “साताऱ्याचा डोळ्यांचा दवाखाना”. एकाच दवाखान्याच्या गावात दोन शाखा असतील तर तो घोळ बाळूने फोन करून आधी मिटवावा, कागदावर आणू नये.

खरा प्रश्न वेगळाच असतो: त्यांनी वाट कुठे बघायची? “सातारा, डोळ्यांचा दवाखाना” एवढंच वाचून स्वावलंबी म्हातारी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहते. तिचं काय चुकलं? जायची जागा लिहिली होती, थांबायची नाही. म्हणून “बाळू घरी येईल” यातला “घरी” हा शब्द कितीही जागा कमी पडली तरी काढायचा नाही.

एसटीनेच जाणार असाल तर ७५ वर्षांपुढच्यांना राज्य परिवहनच्या गाडीत मोफत आणि ६५ ते ७५ या वयात अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. त्यासाठी वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ लागतं. ते आदल्या रात्री पिशवीत टाका. कागदावर त्याची ओळ नको, पिशवी कागदाखाली खुंटीला अडकवली की झालं.

सोबत कोण येणार हे इतकं मोठं का लिहायचं?

कारण रात्री दोनला जाग आल्यावर मनात येतं ते हेच. वेळ चुकेल याची भीती कमी असते. आपण एकटे पडू, तिथली बाई इंग्रजीत काहीतरी विचारेल, सही कुठे करायची कळणार नाही, याची जास्त.

नाव घरातलं लिहा. आधार कार्डावरचं नाव वाचून आत्या क्षणभर विचारात पडते, “बाळू” वाचून पडत नाही. दोन नातवंडांची हाक एकच असेल तर “पुण्याचा” किंवा “थोरल्याचा” असं पुढे जोडा. आणि “कुणीतरी येईल” असं कधीच लिहू नका. नक्की होईपर्यंत कागदच लावू नका.

इथे एक व्यवहाराची बाजूही आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. ऑपरेशननंतर तर डोळ्यावर पट्टी किंवा झाकण असतं. त्या वेळी त्यांना काहीच लिहून देऊन उपयोग नसतो. औषधांच्या सूचना, पुढची तारीख, बिल, सगळं सोबतच्या माणसाने ऐकायचं. तेव्हा “दवाखान्यात सोडतो आणि कामावर जातो” हा माणूस सोबतीत धरू नका. शेवटच्या ओळीत “दिवसभर” आहे ते त्यासाठी, आणि ते लिहिल्यावर बाळूला रजा टाकावीच लागते.

रक्ततपासणीसाठी उपाशी जायचं आहे. ते कसं लिहायचं?

“उपाशीपोटी” लिहाल तर फसाल. ज्या घरात एकादशी, संकष्टी पाळली जाते तिथे त्याचा अर्थ उपास, आणि उपासाला चहा चालतो, केळं चालतं, दाण्याचा लाडूही चालतो. मग सुई टोचल्यावर साखर वाढलेली निघते आणि परत फेरी. “फास्टिंग” लिहिण्याने तर काहीच होत नाही.

आत्याची तपासणी मंगळवारी, वाईतच. त्या दिवसाचा कागद:

मंगळवार
१० फेब्रुवारी
रक्त देईपर्यंत चहा नाही, खाणं नाही
साधं पाणी चालेल
सकाळी ८ वाजता नात घरी येईल
वाईत रक्त तपासायला

मनाई वेळेच्या आधी लिहिली आहे, कारण ती घडायची वेळ आधीची. आत्या सहाला उठते आणि सव्वासहाला चहाचं आधण ठेवते. म्हणून याच कागदाची एक छोटी आवृत्ती, “आज आधी रक्त, मग चहा”, सोमवारी रात्री चहाच्या डब्यावर चिकटवायची आणि मंगळवारी लगेच काढायची. त्यात “आज” हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एक सकाळ जगणाऱ्या चिठ्ठीत तो चालतो.

किती तास काही खायचं नाही, हे लॅब सांगते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी साधारण आठ तास सांगतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उपाशी राहून नेहमीचं औषध घेतलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. ऑपरेशनच्या दिवशी खाऊन यायचं की नाही, हेही दवाखान्यागणिक बदलतं. त्यांनी सांगितलं तेच लिहा, शेजारच्या काकूंच्या अनुभवावरून नाही.

तीन दिवस तीन फेऱ्या आहेत. एकाच कागदावर तक्ता केला तर?

तुमच्यासाठी करा, त्यांच्यासाठी नाही. तक्त्यात वाचायला आडवी ओळ आणि उभा रकाना दोन्ही धरून ठेवावे लागतात. धूसर डोळ्यांनी नजर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरते आणि मंगळवारची वेळ गुरुवारला चिकटते.

तीन वेगळे कागद लिहा आणि एकावर एक लावा, सगळ्यात वर येणारा दिवस. मंगळवार झाला की वरचा काढला, खाली गुरुवार. गुरुवारी रात्री शुक्रवारचा. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डोळा उघडून बघायला बोलावतातच, त्यामुळे शुक्रवारचा कागद आधीच तयार हवा, आणि तो सगळ्यात मोठ्या अक्षरांत. एक डोळा झाकलेला किंवा नुकता उघडलेला असतो, आणि जुन्या चष्म्याचा नंबर त्या डोळ्याला आता जुळत नाही. नवा चष्मा साधारण महिना-दीड महिन्याने मिळतो, तोवरच्या सगळ्या कागदांना हेच लागू. शुक्रवारच्या कागदावर चारच ओळी ठेवा: शुक्रवार, १३ फेब्रुवारी, सकाळी साडेआठला बाळू घरी येईल, डोळा दाखवायला सातारा.

किती दिवस आधी लावायचा?

माणसावर आहे. लक्षात राहतं पण दिसत नाही, अशांना चार-पाच दिवस आधी लावा. त्यांनाही आपली कामं लावून घ्यायची असतात, भजनाला येणार नाही म्हणून सांगायचं असतं. विसराळूपणा बराच असेल तर आदल्या संध्याकाळी. अशा माणसाला “गुरुवार” वाचून कळतं, पण आज गुरुवार आहे का हे कळत नाही, मग रोज सकाळी तयारी. त्यांच्यासाठी कागदाशेजारी रोज पान फाडायची दिनदर्शिका लावा आणि पान फाडायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. ते पान एक दिवस जरी तसंच राहिलं, तरी कागद चुकीचा ठरतो.

कागद लावूनही दहा वेळा तेच विचारतात. मग उपयोग काय?

विचारणं थांबेल असं नाही. पण उत्तर देणारा बदलतो. “सांगितलं ना मघाशी” म्हणण्याऐवजी त्यांना कागदापाशी नेऊन “वाच बघू, आत्या” म्हणायचं. त्यांनी स्वतः वाचलं की उत्तर त्यांचं होतं. काही दिवसांनी काही जण प्रश्न विचारायच्या आधी कागदाकडे बघायला लागतात. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यात असेल तर हे होणार नाही, तिथे सोबतीला माणूसच लागतो आणि कागद घरातल्या इतरांसाठी उरतो.

एक खात्री मात्र लावतानाच करून घ्या. “समजलं ना?” असं विचारू नका, त्याला “हो” हेच उत्तर मिळतं. “गुरुवारी कोण येणार आहे?”, “तोवर तू कुठे थांबणार?” असं विचारा. “स्टँडवर” असं उत्तर आलं तर कागदात काय कमी आहे ते तिथल्या तिथे कळेल.

वाचताच येत नसेल तर?

त्या पिढीत शाळा न पाहिलेल्या बायका खूप आहेत, आणि सगळ्यांनाच ते चारचौघांत सांगायला आवडत नाही. कागद तसाच करा, फक्त अक्षरांऐवजी तीन चित्रं: काट्यांचं घड्याळ, ज्यात नऊ वाजलेले आणि लहान काटा ठळक, एक मोठा डोळा आणि बाळूचा चेहरा जवळून दिसणारा फोटो. चौथी गोष्ट, म्हणजे वार, बाजाराच्या दिवसाला किंवा तिथीला जोडून तोंडी सांगा: बाजाराच्या आदल्या दिवशी, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. तिथी आधी दिनदर्शिकेत बघून घ्या, अंदाजाने बोलू नका. तिला ती तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते.

व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर चालणार नाही का?

आत्याला नाही, बाळूला पाठवा. भिंतीवर लावलेल्या कागदाचाच फोटो काढून सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवला की सगळ्यांकडे एकच मजकूर राहतो आणि “मला तर शुक्रवार सांगितला होता” हे टळतं. ज्येष्ठ स्वतः फोन सराईतपणे वापरत असतील तरी मजकुरापेक्षा असा फोटो बरा, पण सुप्रभातच्या फुलांखाली तो दुपारपर्यंत गाडला जातो. दवाखान्याचा इंग्रजी एसएमएस मात्र जसाच्या तसा पुढे ढकलू नका.

“तू” लिहू की “तुम्ही”?

घरात जशी हाक मारता तसं. आईला तू, सासूबाईंना तुम्ही. वरच्या नमुन्यांत तो प्रश्नच येत नाही, कारण बहुतेक वाक्यं बाळूबद्दल आहेत.

दिवस किंवा वेळ बदलली तर?

खाडाखोड नको. मोठं अक्षर आडवी रेघ मारली तरी वाचता येतं, आणि धूसर डोळ्यांना रेघ दिसत नाही, अक्षर दिसतं. बुधवारी संध्याकाळी दवाखान्याचा फोन आला की गुरुवारऐवजी शनिवारी या, तर आधी जुना कागद काढून फाडून टाका, मग नवा लिहा. हा क्रम उलटा केला तर थोडा वेळ भिंतीवर दोन वार असतात, आणि आत्याला नेमका आधी वाचलेला लक्षात राहतो. बाळू गावी नसेल तर शेजारच्या कुणाला तरी घरात जाऊन हे करायला सांगा, फोनवर “कागदावरचं धरू नकोस” असं आत्याला सांगून भागत नाही.

काम झालेला कागदही त्याच दिवशी उतरवायचा. बहुतेक घरांत तो तसाच राहतो, आणि पुढच्या बुधवारी रात्री आत्या पिशवी भरून ठेवते.